ऑपरेशननंतरची गुंतागुंत: जुना आजार की नवा दावा? आयआरडीएआयला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण (आयआरडीएआय),
हैदराबाद

विषय: शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीसाठी पुन्हा दाखल झालेल्या रुग्णाचा दावा ‘त्याच आजारा’त धरायचा की नवा मानायचा, याचा एकच आणि बंधनकारक नियम करण्याबाबत

महोदय,

ऑपरेशन झालेला रुग्ण घरी जातो, काही आठवड्यांनी जखमेत पू होतो किंवा ताप येतो आणि त्याला पुन्हा दाखल करावं लागतं. दुसऱ्या वेळेचं बिल विमा कंपनीकडे गेलं की पहिला प्रश्न येतो: हा नवा क्लेम आहे का? त्याचं उत्तर आज नियमातून निघत नाही. ते बऱ्याचदा फाईल कोणाच्या टेबलावर आहे आणि त्या टेबलाला कोणतं उत्तर स्वस्त पडतं, यावर ठरतं. आम्ही रुग्णांच्या बाजूने विमा दाव्यांचं काम करतो. ही दुरुस्ती आपल्याच हातात असल्यामुळे हे पत्र आपल्याला लिहीत आहोत.

वादाचं मूळ एका व्याख्येत आहे. आपल्या प्राधिकरणाने २०१३ मध्ये आरोग्य विम्यातल्या व्याख्या प्रमाणित केल्या. त्यातली ‘एनी वन इलनेस’ म्हणजे ‘एकच आजार’ ही व्याख्या आजही बहुतेक पॉलिसींत जशीच्या तशी छापलेली असते. तिचा अर्थ असा: आजाराचा सलग काळ म्हणजे एक आजार, आणि जिथे उपचार घेतले त्या रुग्णालयातल्या शेवटच्या तपासणीपासून ४५ दिवसांच्या आत तो आजार उलटला, तर तोही त्यातच धरायचा. यातल्या दोन जागा नीट पाहाव्या लागतात. ४५ दिवस ऑपरेशनच्या तारखेपासून मोजायचे नाहीत आणि डिस्चार्जपासूनही नाहीत. ते शेवटच्या तपासणीपासून मोजायचे आहेत. दुसरी जागा अशी की व्याख्या उलटलेल्या आजाराबद्दल बोलते. ऑपरेशनमुळे उद्भवलेल्या गुंतागुंतीबद्दल ती काहीच सांगत नाही.

वैद्यकीयदृष्ट्या या दोन वेगळ्या घटना आहेत. गुडघ्याची झीज झाली म्हणून सांधा बदलला आणि दोन महिन्यांनी त्या कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग झाला, तर झीज परत आलेली नसते. झिजलेला सांधा तर काढूनच टाकलेला असतो. दाखल होण्याचं कारण नवं असतं, निदान नवं असतं आणि उपचारही पूर्ण वेगळे असतात. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही दोघांचे कोड वेगळे आहेत. गुडघ्याच्या झिजेला `M17` आणि कृत्रिम सांध्याच्या संसर्गाला `T84.5`. शस्त्रक्रियेनंतर जखमेत झालेल्या संसर्गाचा कोड `T81.4`. तरीही दुसऱ्या वेळी दाखल होताना कॅशलेस काउंटरवर पहिल्याच फाईलमधलं निदान उचललं जातं, ‘गुडघ्याचं ऑपरेशन झालेला रुग्ण’ असं वर लिहिलं जातं आणि कोडच्या रकान्यात पुन्हा `M17` पडतो. विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या टीपीएच्या संगणकावर मग दोन्ही दावे एका आजाराचे दिसतात. पुढची बरीच भांडणं या एका नोंदीतून सुरू होतात.

४५ दिवसांचा आकडाही शरीराच्या घड्याळाशी जुळत नाही. रुग्णालयातल्या संसर्गांवर लक्ष ठेवण्याच्या प्रचलित निकषांत बहुतेक ऑपरेशनांनंतर ३० दिवस जखमेवर नजर ठेवतात. सांधेरोपण किंवा जाळी बसवलेली हर्नियाची शस्त्रक्रिया असेल, तर खोलवरच्या संसर्गासाठी ही मुदत ९० दिवसांची असते. शरीरात बाहेरची वस्तू असली की जंतू तिच्यावर चिकटून दबून राहतात आणि संसर्ग उशिरा वर येतो, हे त्यामागचं कारण. म्हणजे ज्या गुंतागुंतींचा खर्च सर्वांत मोठा असतो, नेमक्या त्याच ४५ दिवसांच्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे येतात.

आता एक उदाहरण पूर्ण मांडतो. आकडे आम्ही समजावण्यापुरते घेतले आहेत, पण अटी बाजारातल्या पॉलिसींत सर्रास आढळणाऱ्या आहेत.

एका व्यक्तीकडे एका कंपनीची ३ लाखांची मूळ पॉलिसी आहे. तिच्यात रिस्टोअरची सोय आहे, म्हणजे वर्षात रक्कम वापरली गेली तर पुढच्या दाव्यासाठी ती पुन्हा ३ लाखांपर्यंत भरते. अट एवढीच की त्याच आजारासाठी भरत नाही. दुसऱ्या कंपनीची १० लाखांची टॉप-अप पॉलिसी आहे, तिची वजावट म्हणजे डिडक्टिबल ३ लाख, त्यावरचंच बिल ती भरते. ही वजावट प्रत्येक दाव्याला वेगळी लागते, मात्र एकाच आजाराची सगळी बिलं एक दावा म्हणून जोडली जातात.

व्यक्ती ३ एप्रिलला गुडघा बदलण्यासाठी दाखल होते आणि ८ एप्रिलला घरी येते. बिल २ लाख ८० हजार, ते सगळं मूळ पॉलिसीतून मिळतं. १८ एप्रिलला टाके काढले जातात. २० मेला सहा आठवड्यांची ठरलेली तपासणी होते, सगळं ठीक असतं. जूनच्या सुरुवातीला गुडघा सुजतो, गरम लागतो, ताप येतो. १० जूनला पुन्हा दाखल करून सांधा उघडून धुतात, आतला प्लास्टिकचा भाग बदलतात, शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात. २० जूनला डिस्चार्ज. या वेळचं बिल ३ लाख ४० हजार.

आधी दिवस मोजू. डिस्चार्जपासून मोजले तर १० जूनपर्यंत ६३ दिवस होतात. टाके काढले त्या दिवसापासून ५३. २० मेच्या तपासणीपासून मोजले तर फक्त २१. पहिल्या दोन पद्धतींनी दावा नवा ठरतो, तिसरीने जुन्यात जातो. रुग्ण तोच, गुडघा तोच, आणि ठरलेल्या तारखेला डॉक्टरांकडे जाणाऱ्या रुग्णाचं घड्याळ मात्र प्रत्येक तपासणीला पुन्हा शून्यावर येतं. जो तपासणीला गेलाच नाही त्याचा दावा नवा, आणि जो नियमाने गेला त्याचा जुना, हे या व्याख्येचं फलित आहे. ही गोष्ट आम्हाला फार खटकते.

आता पैसे पाहू. दोन्ही कंपन्यांनी मिळून हा एकच आजार मानला, तर एकूण बिल ६ लाख २० हजार होतं. मूळ पॉलिसी पहिल्या वेळचे २ लाख ८० हजार देऊन उरलेले २० हजार देते, रिस्टोअर होत नाही. टॉप-अप ३ लाखांची वजावट एकदाच लावते आणि ३ लाख २० हजार देते. रुग्णाच्या खिशातून काही जात नाही.

दोघींनी नवा दावा मानला, तर मूळ पॉलिसी पुन्हा भरते आणि ३ लाख देते. टॉप-अप ३ लाख ४० हजारांतून आपली वजावट काढून उरलेले ४० हजार देते. इथेही रुग्णाला काही भरावं लागत नाही.

पण प्रत्यक्षात काय होतं? मूळ पॉलिसीची कंपनी म्हणते, हा तोच आजार आहे, म्हणून रिस्टोअर मिळणार नाही. ती शिल्लक २० हजार देते. टॉप-अपची कंपनी म्हणते, हा नवा दावा आहे, म्हणून वजावट पुन्हा लागेल. ती ४० हजार देते. ३ लाख ४० हजारांच्या बिलापैकी ६० हजार मिळतात आणि २ लाख ८० हजार रुग्ण भरतो. दोन्ही पत्रं स्वतंत्रपणे वाचली तर पॉलिसीच्या शब्दांना धरून वाटतात. एकत्र ठेवली की दिसतं, एकाच दाखल होण्याबद्दल दोन कंपन्यांनी दोन विरुद्ध निष्कर्ष काढले आहेत आणि दोन्ही निष्कर्ष आपापल्या सोयीचे आहेत. आमची मुख्य तक्रार हीच आहे.

दोन्ही पॉलिसी एकाच कंपनीच्या असल्या तरी हे होऊ शकतं, कारण मूळ आणि टॉप-अपचे दावे वेगवेगळे विभाग पाहतात. वर्षभराची बिलं एकत्र करून एकदाच वजावट लावणारी सुपर टॉप-अप पॉलिसी असेल, तर हा प्रश्न बहुतांशी सुटतो. पण मधे नूतनीकरणाची तारीख आली की तीही अपुरी पडते. मार्चमध्ये ऑपरेशन, १ एप्रिलला नवं पॉलिसी वर्ष आणि मेमध्ये गुंतागुंत, अशा क्रमात वजावट नव्या वर्षाची म्हणून पुन्हा लागते. आरोग्य संजीवनीसारख्या प्रमाणित पॉलिसीत दोन वर्षांत विभागलेल्या दाव्यासाठी दोन्ही वर्षांची शिल्लक विमा रक्कम आणि दोन्ही वर्षांच्या वजावटी विचारात घ्याव्यात, असं लिहिलेलं आहे. गुंतागुंतीसाठी पुन्हा दाखल होणं हा दोन वर्षांत विभागलेला एक दावा की दुसऱ्या वर्षातला स्वतंत्र दावा, हे मात्र तिथेही सांगितलेलं नाही.

उपमर्यादांचंही तसंच. गुडघा बदलण्यासाठी ठरावीक रकमेची मर्यादा असलेल्या पॉलिसीत पहिल्याच ऑपरेशनला ती संपलेली असते. मग संसर्गाचा दावा ‘त्याच आजारा’त टाकून शून्य मंजूर केला जातो. मर्यादा सांधा बदलण्यावर होती. सांधा उघडून धुणं ही वेगळी शस्त्रक्रिया आहे आणि तिच्यावर पॉलिसीत मर्यादा लिहिलेली नसेल, तर ती ओढून आणता येत नाही. अर्थ संदिग्ध असेल तर विमाधारकाच्या बाजूचा घ्यावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानेही विमा प्रकरणांत मान्य केलेलं आहे.

एक लहान वाटणारी, पण पैशांच्या दृष्टीने मोठी चूक डिस्चार्जनंतरच्या खर्चात होते. रुग्णालयातून घरी आल्यावर ठरावीक दिवसांचा औषधं-तपासण्यांचा खर्च मिळतो. समजा ही मुदत ६० दिवसांची आहे. आपल्या उदाहरणात पहिल्या डिस्चार्जपासूनचे ६० दिवस ७ जूनला संपतात. सांध्याच्या संसर्गानंतर अँटिबायोटिक कित्येक आठवडे चालू राहतात आणि नियमित रक्ततपासणी लागते. कंपनी ‘तोच आजार, मुदत संपली’ असं म्हणून हा सगळा खर्च कापते. पण डिस्चार्जनंतरच्या खर्चाची व्याख्या डिस्चार्जशी बांधलेली आहे. दावे एका आजारात जोडले तरी रुग्णालयातली दोन वास्तव्यं एक होत नाहीत. २० जूनच्या डिस्चार्जची स्वतःची ६० दिवसांची मुदत १९ ऑगस्टपर्यंत चालते.

या सगळ्यावर आम्ही आपल्याकडे मागतो आहोत ते असं.

शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीची वेगळी व्याख्या करा आणि तिच्यासाठी पुन्हा दाखल होणं हा स्वतंत्र दावा मानावा, असा मूळ नियम ठेवा. उलटलेला आजार आणि गुंतागुंत यांत फरक कसा करायचा, हे उपचार करणाऱ्या शल्यचिकित्सकाच्या लेखी कारणावर ठरावं. कंपनीला ते मान्य नसेल तर तिने आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं मत कारणांसह द्यावं. वजावट हा एकच अपवाद असावा: दोन्ही बिलं जोडल्याने विमाधारकाचा फायदा होत असेल, तर त्याला जोडून मागण्याची मुभा असावी. हे एकतर्फी वाटेल. पण टॉप-अप घेणारा माणूस मोठ्या आजारपणासाठीच ती घेतो, आणि ऑपरेशन अधिक गुंतागुंत हेच ते मोठं आजारपण आहे.

४५ दिवस कुठून मोजायचे, हे निश्चित करा. ठरलेली नेहमीची तपासणी, टाके काढणं, ड्रेसिंग बदलणं यांनी मुदत पुढे सरकू नये. डिस्चार्जची तारीख कागदावर असते, ती कोणाला बदलता येत नाही, तीच धरावी.

एका दाखल होण्याबद्दल एकच निष्कर्ष, आणि तो सर्व कंपन्यांवर बंधनकारक. पहिल्या कंपनीने पत्रात ‘तोच आजार’ असं लिहून रक्कम कमी केली, तर टॉप-अपच्या कंपनीने तेच गृहीत धरून वजावट लावावी. यासाठी नवी यंत्रणा लागणार नाही. टॉप-अपचा दावा करताना पहिल्या कंपनीचं मंजुरीपत्र तसंही जोडावंच लागतं.

आणि पत्रात कारण लिहावं. २०२४ च्या आपल्या मुख्य परिपत्रकाने दावा पूर्ण किंवा अंशतः नाकारताना पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा उल्लेख करणं बंधनकारक केलं आहे. नाकारण्याआधी कंपनीच्या दावे पुनरावलोकन समितीची मंजुरीही लागते. पण रक्कम कापलेल्या पत्रांत अजूनही ‘पॉलिसीच्या अटींनुसार’ एवढंच वाचायला मिळतं. कोणती तारीख शेवटची तपासणी धरली आणि किती दिवस मोजले, ही दोन वाक्यं प्रत्येक पत्रात असावीत. तेवढ्याने निम्मा वाद जागेवर दिसू लागेल.

हे पत्र खुलं आहे, म्हणून ज्यांच्या घरात आज असा दावा अडकलेला आहे त्यांच्यासाठीही थोडं लिहितो.

दुसऱ्यांदा दाखल होताना पहिल्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि पहिल्या दाव्याचं मंजुरीपत्र सोबत न्या. कॅशलेसचा अर्ज पाठवण्याआधी त्यातलं निदान स्वतः वाचा. तिथे जुनाच आजार लिहिला असेल तर डॉक्टरांना नम्रपणे सांगून सध्याचं कारण लिहून घ्या: कशाचा संसर्ग, कुठे, कधीपासून लक्षणं, कोणती शस्त्रक्रिया. ‘पूर्वी अमुक ऑपरेशन झालेले’ हे पूर्वेतिहासात जावं, निदानात नाही. जे खरं आहे तेच लिहायचं, फक्त योग्य जागी लिहायचं. डॉक्टरांकडून एक वेगळं पत्रही घ्या, ज्यात दुसऱ्यांदा दाखल होण्याचं कारण आणि मूळ आजार परतलेला आहे की नाही, हे स्पष्ट असेल. पू किंवा सांध्यातल्या पाण्याच्या कल्चरचा रिपोर्ट येताच त्याची प्रत ठेवा, कारण नवं निदान सिद्ध करणारा सर्वांत भक्कम कागद तोच असतो. तपासणीचे केसपेपर तारखेसह जपून ठेवा आणि तपासणी कोणत्या कारणासाठी होती, हे त्यावर लिहिलेलं आहे ना ते पाहा.

कंपनीकडे जाण्यापूर्वी आपली पॉलिसी वाचून दोन्ही बाजूंनी हिशोब करून पाहा. ‘नवा दावा’ मागणं नेहमीच फायद्याचं नसतं. प्रत्येक दाव्याला वेगळी वजावट असलेली टॉप-अप असेल आणि मूळ पॉलिसीत रिस्टोअर नसेल, तर दोन्ही बिलं जोडण्यात आपलं हित असतं. मूळ पॉलिसीत उपमर्यादा असेल, तर वेगळ्या दाव्यात. कोणतीही भूमिका घ्या, पण दोन्ही कंपन्यांना एकच भूमिका लिहून कळवा, म्हणजे पुढे आपलीच पत्रं आपल्याविरुद्ध जाणार नाहीत.

कॅशलेस नाकारलं म्हणजे दावा नाकारला असं नाही. बिल भरून नंतर परतफेडीचा दावा करता येतो. त्यावरही पटणारं उत्तर नसेल तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाला लेखी कळवा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांची दखल घेतली जाते. कंपनीने अंतिम नकार दिल्यापासून वर्षभराच्या आत तक्रार करावी लागते. दोन कंपन्या दोन बाजूंना बोलत असतील, तर प्रत्येकीच्या तक्रारीला दुसरीचं पत्र जोडा आणि पहिल्याच परिच्छेदात दोन्ही पत्रांतली परस्परविरोधी वाक्यं शेजारी शेजारी उतरवा.

महोदय, हा शेवटचा सल्ला आम्हाला द्यावा लागतो, कारण दोन नियंत्रित कंपन्यांनी एकाच घटनेबद्दल विरुद्ध बोलू नये हे बघणारी तरतूद आज कुठे नाही. वरच्या उदाहरणातले २ लाख ८० हजार रुपये कोणत्याही अटीमुळे गेलेले नाहीत. ते दोन अटींच्या मधल्या फटीत गेले आहेत. ती बुजवायला एक व्याख्या, एक तारीख आणि मंजुरीपत्रात दोन वाक्यं पुरेशी आहेत. आरोग्य विम्याच्या मुख्य परिपत्रकात पुढची सुधारणा होईल तेव्हा हे सगळं समाविष्ट करावं आणि तोपर्यंत सर्व विमा कंपन्यांना व टीपीएंना स्पष्टीकरणाचं पत्र पाठवावं, ही विनंती.

आपले,
आरोग्य विम्याच्या दाव्यांत रुग्णांना मदत करणारे कार्यकर्ते